लगोरी, सहा फोन आणि महिन्याचे हजार रुपये : सोलापुरातल्या एका खेळाच्या सर्व्हरचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या दोन भावांनी लगोरीचा मोबाइल खेळ बनवला. दोन्हीकडे तीन-तीन गडी, मध्ये सात ठिकऱ्यांची लगोरी आणि एक चेंडू. एका गटाने लगोरी फोडायची आणि ती परत रचायची, दुसऱ्याने चेंडू मारून त्यांना बाद करायचं. एक डाव चार मिनिटांचा. खेळ गोडो या इंजिनात लिहिला होता आणि एकाच वाय-फायवर तो छान चालत होता. मी पूर्वी ब्रॉडबँडच्या धंद्यात होतो आणि आता ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो, म्हणून दोघे माझ्याकडे आले.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. "दादा, महिन्याला हजार रुपये, त्याच्या वर घरातून एक पैसा मिळणार नाही. म्हणून पीअर-टू-पीअरच करायचं ठरवलंय. एकाचा फोन होस्ट, बाकीचे पाच त्याला जोडतील. सर्व्हरच नाही, मग बिल कुठलं?"

धाकट्याला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही हे त्याला सांगता येत नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं की जुळे सोलापूर भागातल्या मित्राला जोडायला गेलं की कधी जुळतं, कधी जुळत नाही, आणि नक्की कधी जुळत नाही ते कळत नाही.

मी म्हटलं, आधी तेवढंच शोधू. खर्चाचं गणित नंतर.

सहा फोन, पंधरा जोड्या

एका रविवारी सहा फोन घेतले. त्यांना अ ते फ अशी नावं देतो. अ हा भावांच्या घरच्या फायबर वाय-फायवर. ब हा जुळे सोलापुरातल्या मित्राच्या घरच्या फायबरवर. क आणि ड एकाच कंपनीच्या सिमवर, मोबाइल डेटा चालू. इ आणि फ दुसऱ्या एका कंपनीच्या सिमवर, तेही मोबाइल डेटावर. ब सोडून बाकी सगळे एकाच टेबलावर होते.

फोनला इंटरनेटवर सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, हे इथे आधी समजून घ्यायला हवं. घरी राउटर आणि मोबाइलवर कंपनीची यंत्रणा, असं कुणीतरी मध्ये बसून शेकडो-हजारो फोनांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांवर बसवतं. त्याला नॅट म्हणतात. फोनने बाहेर पॅकेट पाठवलं की नॅट त्याच्यासाठी एक पोर्ट उघडतं आणि उत्तर त्याच वाटेने आत येतं. पण बाहेरच्या कुणी आपणहून दार ठोठावलं तर आत कुणाला हाक मारायची हे नॅटला माहीत नसतं, म्हणून ते पॅकेट टाकून देतं. मोबाइल कंपन्यांच्या अशा मोठ्या नॅटसाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला गेला. मोबाइल डेटावर असताना फोनच्या सेटिंगमध्ये या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर आपण कंपनीच्या नॅटमागे आहोत असं समजावं. काही अँड्रॉइड फोनांवर १९२.०.०.४ दिसतो. तो फोन खरं तर फक्त आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवर असतो आणि जुना आयपीव्ही४ त्याला अनुवाद करून दिलेला असतो.

यावर तोड आहे, तिला होल पंचिंग म्हणतात. दोन्ही फोन आधी बाहेरच्या एका स्टन सर्व्हरला विचारतात, "मी तुला कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर दिसतोय?" ती उत्तरं एकमेकांना कळवतात आणि मग दोघे एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटं सोडतात. दोन्ही नॅटना वाटतं की आपलाच माणूस आधी बोलला, आणि दार उघडं राहतं. मात्र नॅटने प्रत्येक ठिकाणासाठी तेच पोर्ट वापरलं, तरच हे जमतं. काही नॅट ठिकाण बदललं की पोर्टही बदलतात. अशा वेळी स्टनला दिसलेलं पोर्ट दुसऱ्या फोनच्या काहीच उपयोगाचं नसतं.

आपल्या वाट्याला कुठलं नॅट आलंय ते कळायला फार काही लागत नाही. एकाच सॉकेटमधून दोन वेगळ्या स्टन सर्व्हरना विचारायचं. थोरल्याने छोटा प्रोग्राम लिहिला आणि क फोनवर असं दिसलं (सार्वजनिक पत्ता इथे बदलून दिला आहे):

```
local   0.0.0.0:40112
stun 1  203.0.113.18:21874
stun 2  203.0.113.18:33051
```

पत्ता तोच, पण पोर्ट दोन वेगळी. क आणि ड दोन्हींवर हेच. बाकी चार फोनांवर पोर्ट एकच येत होतं.

मग सहा फोनांच्या पंधरा जोड्या एकेक करून जोडून पाहिल्या. पाच जुळल्या, दहा नाही. अ आणि ब जुळले. ते दोघे इ आणि फ यांच्याशीही जुळले. क आणि ड कुणाशीच जुळले नाहीत, आणि ते अपेक्षितच होतं. पण इ आणि फ एकमेकांशी जुळले नाहीत तेव्हा दोघे भाऊ चक्रावले. दोन्हींचं नॅट चांगलं, सिम एकाच कंपनीचं, फोन एकाच टेबलावर हातभर अंतरावर! कारण असं की दोघे एकाच नॅटच्या पोटात होते. इ ने फ च्या सार्वजनिक पत्त्यावर पाठवलेलं पॅकेट नॅटपर्यंत जातं. ते बाहेर न जाता तिथूनच वळून परत आत यायला हवं. याला हेअरपिनिंग म्हणतात. नॅटने ते करावं असं २००७ च्या मानकात लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी ते होतंच असं नाही. धाकट्याला जे कळत नव्हतं ते हेच होतं. लांबचा जुळतो आणि शेजारचा जुळत नाही, म्हणून कुठलाच नियम सापडत नव्हता.

आयपीव्ही६ चा प्रश्न थोरल्याने लगेच काढला, आणि तो रास्तच होता. तिथे पत्ते मुबलक असतात, नॅटची गरज नसते. आम्ही तेही पाहिलं. क आणि ड आयपीव्ही६ वर एकमेकांशी जुळले, म्हणजे पंधरापैकी सहा झाल्या. पण भावांच्या घरच्या राउटरला आयपीव्ही६ मिळालेलंच नव्हतं आणि मित्राच्या घरीही नव्हतं. त्यामुळे मोबाइल आणि घरचं वाय-फाय यांच्यातली दरी तशीच राहिली. सहा जणांच्या खोलीत एकाला जरी आयपीव्ही६ नसलं तरी त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवावीच लागते.

सगळ्यात महत्त्वाचं हे की, बाकी पाचही जणांशी थेट बोलू शकेल असा एकही फोन त्या टेबलावर नव्हता. होस्ट कुणालाही करा, रिले लागणारच.

रिले फुकट नसतो

थेट जुळत नसेल तर दोघांमध्ये सार्वजनिक पत्त्याची एक मशीन बसवायची आणि तिने एकाचं पॅकेट दुसऱ्याला नुसतं पुढे द्यायचं. हा रिले. यासाठी टर्न नावाचा ठरलेला प्रोटोकॉल आहे आणि कोटर्न हा मोफत प्रोग्राम तो चालवतो. प्रोग्राम मोफत आहे, मशीन आणि डेटा नाही. म्हणजे "सर्व्हरच नाही" हे म्हणणं इथेच संपलं. आता प्रश्न असा उरला की, त्या मशीनने नुसता टपाल्याचा धंदा करायचा की खेळही तिनेच चालवायचा?

हे ठरवायला बाइट मोजावे लागतात. मला वाटतं या प्रकरणातला निर्णायक कागद तोच होता, म्हणून तो सविस्तर मांडतो.

खेळाची स्थिती सेकंदाला वीस वेळा पाठवली जात होती. प्रत्येक गड्याची जागा, दिशा आणि अवस्था मिळून सहा बाइट, म्हणजे सहा जणांचे ३६. चेंडूचे आठ, वर किरकोळ सात-आठ. ठिकऱ्या हलल्या तरच त्यांची माहिती जाते. त्यावर इंजिनच्या नेटवर्क थराचं आणि यूडीपी-आयपीचं वेष्टन. यूडीपी आणि आयपीव्ही४ मिळून २८ बाइट तर ठरलेलेच. सगळं मिळून एका पॅकेटला १०० बाइट धरले. म्हणजे एका खेळाडूकडे सेकंदाला दोन केबी जातात. उलट दिशेने खेळाडू आपली बोटं कुठे आहेत एवढंच कळवतो. ते पॅकेट साठेक बाइटांचं, म्हणजे सेकंदाला १.२ केबी.

खेळ सर्व्हरवर चालला तर सर्व्हरमधून सहा जणांकडे दोन-दोन केबी बाहेर जातात. एकूण १२.

खेळ एका फोनवर चालला आणि पाचही जण रिलेतून आले तर रिले होस्टची स्थिती पाच जणांना पुढे देतो, ते १० झाले. शिवाय पाच जणांची बोटं होस्टकडे पोचवायचं कामही त्याचंच, ते ६. एकूण १६. खेळ चालवणाऱ्या सर्व्हरपेक्षा नुसता टपाल्या जास्त डेटा बाहेर टाकतो!

थोरल्याने हिशेब दोनदा तपासला. कारण साधं आहे. सर्व्हर खेळाडूंची बोटं स्वतःच गिळतो, ती त्याला पुढे कुणाला द्यायची नसतात. रिलेला मात्र जे आत आलं ते सगळं बाहेर द्यावंच लागतं.

अर्थात पाचही जण रिलेतून येतील असं दरवेळी होणार नाही. रिलेतून येणाऱ्या प्रत्येक जणामागे ३.२ केबी. आमच्या चाचणीत अ किंवा ब होस्ट झाला तर दोन जण रिलेतून, इ किंवा फ झाला तर तीन, क किंवा ड झाला तर पाचही. सहाही फोनांना आलटून पालटून होस्ट केलं तर सरासरी ३.३३ जण, म्हणजे १०.७ केबी. आयपीव्ही६ ची ती एक जोडी धरली तर ९.६. सहा फोनांवरून सगळ्या खेळाडूंबद्दल बोलता येत नाही हे खरं, पण १२ च्या जागी दहा-साडेदहा एवढीच बचत असेल तर तिच्यासाठी बाकीचा डोलारा उभारायचा का, हा प्रश्न स्वच्छ समोर आला. ज्या गावात पोरं घरचं वाय-फाय नसताना मोबाइल डेटावरच खेळतात तिथे ही बचत आणखी आटते.

इथे एक वाट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एपिक ऑनलाइन सर्व्हिसेस पीअर-टू-पीअर जोडणी आणि तिच्यासोबतचा रिले मोफत देतं आणि ते मोबाइलवरही चालतं. पीसीवर स्टीमवरून विकल्या जाणाऱ्या खेळांना वाल्वचं रिले नेटवर्क तसंच मिळतं. ही वाट धरली तर वरचा खर्चाचा मुद्दा निकालात निघतो. भाऊ तिकडेच वळणार होते. पण मग दुसरी चाचणी झाली.

होस्टच्या फोनवर आईचा कॉल

सहा जण खेळत होते. होस्ट धाकट्याचा फोन. डाव रंगात आला होता, लगोरीवर सहावी ठिकरी बसत होती आणि त्याच्या फोनवर आईचा कॉल आला. त्याने तो घेतला. सहाच्या सहा पडदे जागच्या जागी थिजले.

अँड्रॉइडवर अॅप मागे गेलं की खेळाचं चक्र थांबतं. होस्टच थांबला म्हणजे जगच थांबलं. कॉल, बॅटरी संपणं, वाय-फायवरून मोबाइल डेटावर उडी, हरतोय म्हणून अॅप बंद करणं, यातलं काहीही झालं तर उरलेल्या पाच जणांचा डाव गेला. पीसीवरच्या खेळात होस्ट निदान टेबलाशी बसलेला असतो. फोन ही मुळात अडथळ्यांची जागा आहे.

यावर होस्ट बदलण्याची सोय करता येते. होस्ट गेला की उरलेल्यांपैकी एकाने सूत्रं घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण नव्या होस्टकडे सगळी स्थिती आधीपासून असायला हवी, बाकीच्या चौघांनी त्याच्याशी नव्याने जुळायला हवं, त्यातल्या काहींना रिले लागणार, आणि हे सगळं चेंडू हवेत असताना. थोरल्याने अंदाज दिला महिनाभराचा. मी मनात दोन महिने धरले.

दुसरी गोष्ट पिंगची, म्हणजे पॅकेट जाऊन त्याचं उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळाची. सर्व्हर मुंबईत असेल तर खेळाडूचं पॅकेट एकदा फोनच्या रेडिओतून जातं, पुढे तारेने मुंबई. सोलापूर ते मुंबई सुमारे चारशे किलोमीटर, आणि प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर जातो, म्हणजे तारेचे येऊन-जाऊन चार-पाच मिलिसेकंद. फायबर सरळ रेषेत जात नाही, मधल्या राउटरांचंही थोडं असतं, तरी मोठा हिस्सा रेडिओचाच. होस्ट फोनवर असेल तर पॅकेट आधी माझ्या रेडिओतून वर जातं, मग होस्टच्या रेडिओतून खाली येतं, आणि उत्तर पुन्हा त्याच दोन टप्प्यांनी. आमच्या मोजणीत मुंबईच्या चाचणी मशीनला मोबाइल डेटावरून ५० मिलिसेकंदांच्या आसपास पिंग येत होता आणि मोबाइल डेटावरच्याच दुसऱ्या फोनला शंभराच्या आसपास. दोन्ही फोन सोलापुरात आहेत म्हणून पॅकेट सोलापुरातच फिरेल असं नसतं. ते आधी मोबाइल कंपनीच्या गेटवेपर्यंत जातं, आणि तो कुठे बसवायचा हे कंपनी ठरवते.

आणि होस्टचा स्वतःचा पिंग शून्य. लगोरीत चेंडू चुकवण्याचा सगळा खेळ दशांश सेकंदाचा. पाठीत चेंडू लागला की नाही हे ज्याच्या फोनवर ठरतं तो स्वतः एका गटातला गडी. धाकटा म्हणाला, "म्हणजे गल्लीत ज्याचा चेंडू त्याचाच न्याय, तसं झालं की बे." मला ते शंभर टक्के पटलं. शिवाय खेळ होस्टच्या फोनवर चालतो म्हटल्यावर, बदललेलं अॅप घालून त्याने हवा तसा निकाल लावला तरी बाकीच्यांना ते पकडायचा मार्ग नाही.

थोरला थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ठीक आहे. मग हजारात बसवून दाखवा."

हजारात बसवणं

अपेक्षा दिवसाला तीनशे डावांची होती. महिन्याचे नऊ हजार. एका डावाला सेकंदाला १२ केबी गुणिले २४० सेकंद, म्हणजे २.९ एमबी. महिन्याचे २६ जीबी. छोट्या व्हीपीएससोबत, म्हणजे मोठ्या मशीनच्या भाड्याने मिळणाऱ्या एका वाट्यासोबत, यापेक्षा कितीतरी जास्त डेटा महिन्याच्या भाड्यातच मिळतो. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात बाहेर जाणाऱ्या डेटाला जीबीमागे साधारण ११ सेंट पडतात, पण महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत असतात, म्हणजे तिथेही डेटाचं बिल शून्यच आलं असतं. ज्या खर्चाच्या धास्तीने पीअर-टू-पीअर निवडलं होतं, तो खर्च या खेळाला जवळजवळ नव्हताच. आवाज किंवा व्हिडिओ पाठवणाऱ्या खेळाचं गणित वेगळं पडलं असतं. इथे सहा ठिपके आणि एक चेंडू.

खरा खर्च मशीन चालू ठेवण्याचा. तीनशे डावांपैकी दोनशे संध्याकाळच्या तीन तासांत होतील असं धरलं तर एका वेळी सरासरी साडेचार डाव, गर्दीत दहा. बाकी वेळ मशीन रिकामं. रिकाम्या वेळी बंद ठेवू, असं थोरल्याने सुचवलं. पण बऱ्याच ठिकाणी बंद मशीनचंही भाडं चालूच राहतं, कारण डिस्क आणि पत्ता तुमच्यासाठी अडवलेला असतो. पत्त्याचंही आता वेगळं भाडं लागू शकतं. ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. हजाराच्या बजेटात तेवढ्यानेही मोठा घास जातो. म्हणून आम्ही महिन्याचं ठरीव भाडं असलेला, पत्ता आणि डेटा त्यातच धरलेला, मुंबईतला व्हीपीएस घेतला. एक कोअर, दोन जीबी मेमरी, भाडं ७०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ८२६ रुपये. युरोपात याच पैशात दुप्पट मशीन मिळत होतं, पण तिथला पिंग सव्वाशेच्या पुढे. चेंडू चुकवायच्या खेळाला तो चालत नाही.

रचना साधी ठेवली. गोडोचा तोच खेळ `--headless` ने पडद्याशिवाय चालतो. प्रत्येक डावाला एक प्रोसेस आणि एक यूडीपी पोर्ट. जोड्या लावणारा एक छोटा प्रोग्राम रिकामं पोर्ट शोधून सहाही जणांना कळवतो. एका प्रोसेसला सत्तरेक एमबी मेमरी लागत होती. दोन जीबीतून पाचशे एमबी लिनक्स आणि इतर गोष्टींना सोडले तर वीस-एकवीस डाव बसतात, म्हणजे गर्दीच्या अंदाजाच्या दुप्पट. सीपीयू मात्र आधी पुरत नव्हता. गोडो सेकंदाला साठ वेळा भौतिकीचा हिशेब करतं, अशा एका वेळेला टिक म्हणतात, आणि दहा डावांत एकुलता कोअर धापा टाकायला लागला. तेव्हा सर्व्हरवर हे घातलं:

```
Engine.physics_ticks_per_second = 20
Engine.max_fps = 20
```

कोअर मोकळा झाला आणि त्याच संध्याकाळी तक्रार आली की चेंडू माणसातून आरपार जातोय. तेही बरोबरच होतं. सेकंदाला पंधरा मीटर जाणारा चेंडू वीसच्या टिकला एका उडीत पाऊण मीटर जातो, आणि मधल्या जागेत उभा असलेला गडी हिशेबात येतच नाही. चेंडूची जुनी जागा आणि नवी जागा यांच्यामध्ये रेघ ओढून ती कुणाला छेदते का, हे तपासायला लावल्यावर ते थांबलं. टिक कमी करून पैसे वाचवणाऱ्या प्रत्येकाने वेगाने जाणाऱ्या वस्तूंकडे त्याच दिवशी पाहावं, असं मी आता आग्रहाने सांगतो.

सर्व्हरवर काय बिघडलं

पहिल्या आठवड्यात रात्री अकराला सर्व्हरने नवीन डाव देणं बंद केलं. `free -m` मध्ये मेमरी संपलेली, आणि खेळत असलेले डाव मात्र तीन. बाकी सतरा प्रोसेस रिकाम्या खोल्या सांभाळत बसल्या होत्या. खेळाडूंनी अॅप सरळ बंद केलं की यूडीपीत कुणी निरोप घेत नाही, आणि डाव संपल्याशिवाय प्रोसेस सुटत नव्हती. तीस सेकंद एकाही खेळाडूचं पॅकेट आलं नाही तर प्रोसेसने स्वतःहून मरायचं, असं केलं. शिवाय कुठलीही प्रोसेस आठ मिनिटांच्या वर जगू द्यायची नाही.

दुसरा त्रास शोधायला चार दिवस गेले. संध्याकाळी सात ते नऊ खेळ मधूनच हिसके द्यायचा. पिंग नीट, मेमरी नीट, आपला सीपीयू चाळीस टक्के. उत्तर `top` च्या वरच्या ओळीत होतं, जिथे आम्ही कुणी पाहत नव्हतो:

```
%Cpu(s): 38.1 us, 3.9 sy, 43.6 id, 14.2 st
```

शेवटचा `st` म्हणजे आपल्याला सीपीयू हवा होता तेव्हा मूळ मशीनने तो दुसऱ्या भाडेकरूला दिला, तेवढा वेळ. स्वस्त व्हीपीएसवर एका कोअरमध्ये अनेक जण बसवलेले असतात. वेबसाइटला हे जाणवत नाही. पन्नास मिलिसेकंदांच्या टिकवर चालणाऱ्या खेळाला लगेच जाणवतं. आम्ही प्रत्येक टिकला किती वेळ लागला ते लिहायला सुरुवात केली आणि ७५ मिलिसेकंदांच्या वरचे टिक वेगळे काढले. ते आणि `st` चा चढ एकाच वेळी येत होते. तो पुरावा देऊन मशीन दुसऱ्या मूळ मशीनवर हलवून घेतलं. तोवर फोनवर चेंडू आणि गडी दोन टिक मागे दाखवून, मधलं अंतर भरून काढून, हिसके झाकले. ती शंभर मिलिसेकंदांची उशी आजही ठेवलेली आहे.

तिसरी गोष्ट छोटी. सहावा गडी यायची वाट पाहताना काही जण आपोआप तुटायचे. थांबलेल्या खोलीत पॅकेटं जात नव्हती आणि काही नॅट यूडीपीचं उघडं पोर्ट अर्ध्या मिनिटात मिटवून टाकतात. दर पंधरा सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवलं की झालं.

पीअर-टू-पीअर कुठे ठेवलं

थोरल्याचं मूळ काम वाया गेलं नाही, आणि याचं मला खरंच बरं वाटतं. खेळात दोन बटणं आहेत. "ऑनलाइन" मुंबईच्या सर्व्हरवर जातं. "हॉटस्पॉट" मध्ये एक फोन हॉटस्पॉट चालू करतो आणि तोच होस्ट होतो. इथे मध्ये नॅट नाही, रिले नाही, पिंग काही मिलिसेकंदांचा, बिल शून्य. होस्टला कॉल आला तर डाव थांबतो, पण सगळे शेजारीच बसलेले असतात, कॉल संपेपर्यंत थांबतात. न्यायाचा प्रश्नही तिथल्या तिथे ओरडून सुटतो. एक अडचण आली. होस्ट शोधायला खेळ सगळ्यांना हाक मारणारं पॅकेट सोडतो आणि काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अशी पॅकेटं वरच्या वर गाळतात. त्यासाठी `MulticastLock` घ्यावा लागला, आणि तरीही सापडलं नाही तर होस्टच्या पडद्यावरचा पत्ता हाताने टाकायची सोय दिली. कॉलेजच्या वाय-फायवर हे बटण बहुधा चालत नाही, कारण तिथे एका फोनला दुसरा फोन दिसूच देत नाहीत.

डावांऐवजी चाली असत्या, म्हणजे पत्ते किंवा सारीपाटासारखा खेळ असता, तर मी हा व्हीपीएससुद्धा सुचवला नसता. तिथे सेकंदाला वीस पॅकेटं लागत नाहीत, साध्या वेब सर्व्हरवर काम भागतं. दोघांचाच खेळ असता आणि तो पीसीवर असता, तर स्टीमच्या रिलेवर थेट जोडणी मी निःशंक निवडली असती. मोबाइल डेटा, सहा जण आणि दशांश सेकंदाचा न्याय हे तिन्ही एकत्र आले म्हणून निर्णय इकडे झुकला.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर दोघे भाऊ मित्रांना घेऊन गेले होते. गर्दीत मोबाइल डेटा नावालाच चालू होता, "ऑनलाइन" वर पिंग चारशेच्या वर आणि निम्मी पॅकेटं गळत होती. पाळण्यांच्या मागे जरा मोकळी जागा बघून त्यांनी हॉटस्पॉट लावला आणि सहा जण तासभर लगोरी खेळले. रात्री थोरल्याचा मेसेज आला. गर्दीच्या जागी ऑनलाइनचा पिंग अडीचशेच्या वर गेला की हॉटस्पॉटचं बटण आपोआप पुढे आणायचं, असं त्यांनी ठरवलंय. पुढच्या आवृत्तीत ते येतंय.